एका पानात मावणारी गायिका

मी बडोद्याहून बोलतेय. गेली सव्वीस वर्षं इथे शास्त्रीय गायन शिकवते आणि कार्यक्रम करते. आज रागदारीवर बोलणार नाही. आज त्या कागदावर बोलायचंय, जो आपण गाण्याच्या आधी पाठवतो आणि ज्याच्यावर आपल्याला बोलवायचं की नाही हे ठरतं. आपण त्याला बायोडेटा म्हणतो, कोणी परिचय म्हणतं.

माझा परिचय चार पानांचा होता. सुरुवातीला गुरुवंदना, मग घराणं, मग सत्कार, शाली, स्मृतिचिन्हं, मान्यवरांबरोबरचे फोटो. एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाला तो पाठवला. दोन दिवसांनी तिथल्या प्राध्यापिकेचा फोन आला. अतिशय आदराने बोलल्या, आणि म्हणाल्या, "ताई, सगळं वाचलं. पण तुम्ही आमच्याकडे नक्की काय गाणार?" मी चार पानं पुन्हा चाळली. त्यात ते कुठेच नव्हतं!

त्या रात्री वही घेऊन बसले. शिकलेल्या रागांची यादी केली, साठाच्या वर गेली. मग स्वतःलाच विचारलं, उद्या सकाळी फोन आला तर यातले किती राग चाळीस मिनिटं उभे करता येतील? आलाप, बढत, बोलअंग, ताना, सगळं धरून, आणि वही न उघडता. उत्तर आलं बावीस. आणखी अठरा-वीस असे, की ज्यात एक मध्यलय बंदिश दहा-पंधरा मिनिटं नीट होईल. बाकीचे शिकवण्यापुरते. म्हणून तीन रकाने केले, आणि तिसरा रकाना परिचयात जातच नाही. साठ राग लिहिले की आयोजक त्यातला नेमका तोच मागतो जो आपण दहा वर्षांत मंचावर गायलेला नाही. माझ्याबाबतीत हे एकदा घडलंय, आणि ती मैफल कशी गेली हे माझ्या तबलजींना विचारा.

पहिल्या दोन रकान्यांतल्या रागांपुढे मी वेळ लिहिते: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. आपल्याला वाटतं हे कोणालाही ठाऊक असतं. कार्यक्रम ठरवणाऱ्या कार्यालयातल्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याला संध्याकाळचे सहा ते साडेसात इतकंच माहीत असतं. आपल्या यादीत त्या वेळेसमोर पूरिया धनाश्री, मारवा, यमन अशी तीन नावं दिसली की त्याचं काम झालं. आणि ठुमरी, दादरा, नाट्यगीत, अभंग, गुजराती भजन हे वेगळं लिहायचं, भाषेसकट. आम्ही महाराष्ट्राबाहेरचे कलाकार इथे चुकतो. नुसतं 'भक्तिसंगीत' लिहिलं की मराठी मंडळाला वाटतं ही अभंग गाईल, गुजराती संस्थेला वाटतं नरसी मेहता गाईल, आणि दोघेही आयत्या वेळी फर्माईश करतात.

आता एक प्रत्यक्ष कार्यक्रम सांगते, म्हणजे वेळेचा हिशेब कळेल. इथल्या एका मंडळाची दिवाळी पहाट. त्यांनी सांगितलं, पावणेसहा ते पावणेआठ, दोन तास. दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं असं आपण धरतो, पण तसं नसतं. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार यांची पंधरा मिनिटं आणि सूर जुळवण्याची पाच काढली की शंभर उरतात. त्यात ललत तीस मिनिटं, विलंबित एकताल आणि द्रुत तीनताल. मग भटियारची एक बंदिश दहा मिनिटं. दोन नाट्यगीतं सोळा मिनिटं, चार अभंग अठ्ठावीस, शेवटी भैरवी आठ. बेरीज ब्याण्णव. उरलेली आठ मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवली होती.

प्रत्यक्षात काय झालं? सत्कारच सव्वासहापर्यंत चालले. मग एका पाहुण्यांना 'दोन शब्द' बोलायचे होते. आम्ही साडेसहाला बसलो. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पावणेसातच्या आसपास उजाडतं, म्हणजे ललतचा आलाप संपेपर्यंत समोर लख्ख ऊन. गायला काही कोणी बंदी केली नव्हती. पण श्रोत्यांत जाणती माणसं होती, आणि मला स्वतःला ते बोचत होतं. मी ललत गायलाच, कारण छापील कार्यक्रमपत्रिकेत तो होता. ते चुकलं.

तेव्हापासून माझ्या पानावर एक ओळ आहे: "ललत सहाच्या आत सुरू झाला तरच. उशीर झाल्यास त्याऐवजी अहिर भैरव." गंमत म्हणजे ही ओळ वाचून आता मंडळवाले सत्कार मध्यंतरात घेतात.

कंपन्यांचे कार्यक्रम हा वेगळा प्रकार, त्यावर थोडंच बोलते. त्यांना बहुधा वीस-पंचवीस मिनिटं हवी असतात, आणि त्यांनाही कागदावर वीस मिनिटांचाच कार्यक्रम दाखवावा: एक छोटा ख्याल, एक दादरा, एक भजन. दीड तासाची मैफल कापून वीस मिनिटांची करू असं म्हणू नये, होत नाही. जेवण चालू असताना मी गात नाही, हेही लिहिलेलं आहे. त्यामुळे काही कामं जातात.

संचाची ओळही महत्त्वाची. "गायन, तबला, संवादिनी, तानपुऱ्यावर एक विद्यार्थिनी. गायनाचा स्वर काळी चार. माइक पाच: गायन, संवादिनी, तानपुरा प्रत्येकी एक, तबल्याला दोन. बसायला दहा बाय बारा फुटांचा चौथरा." स्वर लिहिला की स्थानिक तबलजी त्या स्वराचा तबला घेऊन येतो. नाही लिहिला तर पुरुष गायकाच्या स्वराचा मोठ्या तोंडाचा तबला येतो, तो चढवता चढवता अर्धा तास जातो, आणि शेवटी गायिका आपला स्वर खाली आणते. मानधन मी संपूर्ण संचाचं एकत्र सांगते. वेगवेगळं लिहिलं की घासाघीस करताना पहिली पेटी कापली जाते.

आता जड भाग. सादरीकरणांची यादी. माझ्या जुन्या परिचयात एका मोठ्या महोत्सवाचं नाव होतं, पुढे शब्द 'सहभाग'. मी तिथे गेले होते हे खरं. माझ्या गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसले होते, आणि त्यांनी खूण केली तेव्हा दोन-तीन वेळा स्वर लावला होता. एका आयोजकाने त्या महोत्सवाचं माझं रेकॉर्डिंग मागितलं. काय सांगणार? आज मी तीन शब्द वापरते: स्वतंत्र गायन, सहगायन, तानपुरा साथ. तानपुरा साथ लिहिण्यात कमीपणा नाही. उलट जाणकार तेच आधी वाचतात, कारण गुरूने कोणाला मागे बसवलं यावरून त्यांना बरंच कळतं. आकाशवाणीची श्रेणीही तशीच. बी, बी हाय, ए, टॉप यांतली जी पत्रात असेल तीच, आणि कशासाठी मिळाली तेही. सुगम संगीताची श्रेणी असेल आणि आपण नुसतं 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' लिहून शास्त्रीयची मैफल घेत असू, तर ते बरोबर नाही.

बडोदं हे फैयाज खाँसाहेबांचं गाव. त्यामुळे इथे निम्म्या परिचयांत आग्रा घराणं असतं, माझ्याही होतं. आता मी गुरूंचं नाव आणि किती वर्षं शिकले एवढंच लिहिते. दोन दिवसांच्या कार्यशाळेतलं 'मार्गदर्शन' काढून टाकलं.

आणि विद्यार्थी. "चारशेहून अधिक विद्यार्थी घडवले" असं वाक्य होतं. एका शाळेला संगीतशिक्षिका हवी होती, तिथल्या मुख्याध्यापिकेने विचारलं, "घडवले म्हणजे काय?" मी हजेरीची जुनी रजिस्टरं काढली. क्लासमध्ये आलेले एकूण २१२ निघाले. त्यातले ११८ वर्षाच्या आत गेले. एक ते पाच वर्षं टिकलेले ६३, पाचाच्या वर ३१. विशारद पूर्ण झालेले नऊ. आज मंचावर गाणारे चार, स्वतः शिकवणारे दोन. मग चारशे आले कुठून? शाळांतल्या दोन-दोन दिवसांच्या शिबिरांतली मुलं मी धरली होती! आता शिबिरं वेगळ्या ओळीत लिहिते. आकडे लहान झाले, पण त्या मुख्याध्यापिकेने मला त्यांच्यावरूनच घेतलं. तिला हवं होतं की पाच वर्षं मुलं टिकवणारी बाई आहे का.

परीक्षांबद्दल एक सांगते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठी माणसाला तोंडपाठ असतात. पण उत्तरेतल्या शाळेला प्रयाग संगीत समितीची प्रभाकर माहीत असते, 'मध्यमा पूर्ण' म्हणजे किती हे कळत नाही. म्हणून मी लिहिते: "मध्यमा पूर्ण, सातपैकी पाचवी परीक्षा." सातवी म्हणजे विशारद पूर्ण, अलंकार त्याच्या पुढची.

विद्यार्थ्यांची नावं मी विचारल्याशिवाय टाकत नाही, लहान मुलांचे फोटो तर आईवडिलांनी होकार दिल्याशिवाय अजिबात नाही. आणि एक नाव मी बरेच दिवस लिहू की नको करत होते. माझ्याकडे नवव्या वर्षी आलेली मुलगी, आठ वर्षं शिकली, मग दुसऱ्या शहरात दुसऱ्या गुरूंकडे गेली. आज ती चांगली गाते. तिचा स्वर मी लावला असं मला वाटतं, आणि तिची गायकी आज माझी नाही हेही ऐकू येतं. ती गेली तेव्हा मी रागावून नाव खोडलं होतं. ती नावारूपाला आल्यावर पुन्हा लिहावंसं वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटी तिलाच फोन केला. ती म्हणाली, "ताई, जरूर लिहा. फक्त आता कोणाकडे शिकते तेही लिहा." आता तसंच आहे: अमुक ते अमुक साल माझ्याकडे, त्यानंतर यांच्याकडे. तिच्या परिचयातही माझं नाव त्याच पद्धतीने आहे, हे मला एका आयोजकाकडून कळलं.

पानाच्या तळाशी मी तारीख घालते आणि दर दिवाळीनंतर ते पुन्हा लिहिते. बावीसचा आकडा तेवढाच राहत नाही. यंदा दोन राग नव्याने पहिल्या रकान्यात आले. मारवा मात्र दुसऱ्यात गेला. गळा आता तो चाळीस मिनिटं पेलत नाही, पंधरा मिनिटं पेलतो. कोणी मागितला तर पंधराच मिनिटं गाईन, आणि ते पानावर लिहिलेलं आहे.