स्क्रीनशॉटमधून सामानाची यादी : दिसलेलं किती आणि ठरवलेलं किती

आज आपण एका सर्किटच्या स्क्रीनशॉटवरून सामानाची यादी, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स, कशी काढायची ते बघणार आहोत. ही यादी हातात घेऊन कुणीतरी दुकानात जाणार आहे. ते दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असेल, बंगळूरच्या एस.पी. रोडवरचं किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचं असेल. काउंटरमागच्या माणसाने सर्किट पाहिलेलं नसतं, तो फक्त यादी वाचतो. यादीत जे लिहिलं नाही, ते तो त्याच्या सोयीने देतो. यात त्याची काही चूक नाही.

उदाहरणासाठी एक साधं सर्किट घेऊ : इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट लेड-ॲसिड बॅटरीची पातळी दाखवणारं. बटण दाबलं की चार एलईडींपैकी जितके पेटतील तितकी बॅटरी भरलेली. चारही पेटले तर पूर्ण, एकही नाही पेटला तर रिकामी.

आत काय चाललंय ते दोन मिनिटांत समजून घेऊ, कारण पुढे यादी तपासायला तेच लागणार आहे. ZD1 हा ५.१ व्होल्टचा झेनर स्थिर व्होल्टेज देतो. त्या व्होल्टेजवर रेझिस्टरांची एक माळ टांगली आहे : वर R2, मग R3, R4, R5 आणि खाली R6 व R7. माळेतल्या चार जोडांवर चार वेगवेगळी व्होल्टेजेस मिळतात. दुसरीकडे R8 आणि R9 बॅटरीच्या व्होल्टेजचा एक तृतीयांश करतात. LM324 मधले चार ऑप-अँप ही तुलना करतात. बॅटरीचा तिसरा हिस्सा ज्या ज्या पायरीच्या वर असेल, त्या त्या पायरीचा एलईडी पेटतो.

आता मोजायला बसू. पहिला नियम असा : चित्रातल्या आकृत्या मोजायच्या नाहीत, त्यांच्या शेजारचे क्रमांक मोजायचे. आपल्या चित्रात चार त्रिकोण आहेत. आकृत्या मोजल्या तर यादीत चार आयसी येतील. पण त्रिकोणांजवळ U1A, U1B, U1C, U1D असं लिहिलं आहे. क्रमांक एकच, U1. शेवटचं अक्षर म्हणजे त्याच चौदा पायांच्या आयसीमधला पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा भाग. म्हणजे नग एक. तसंच जमिनीची खूण चित्रात सहा ठिकाणी असेल आणि +12V चा बाण तीन ठिकाणी असेल, पण त्यांना क्रमांक नाही. त्या तारा आहेत, विकत घ्यायच्या वस्तू नाहीत.

क्रमांकांचा दुसरा फायदा म्हणजे गळती कळते. रेझिस्टर R1 पासून R13 पर्यंत ओळीने लिहा. मध्ये एखादा क्रमांक सापडला नाही, तर दोनच शक्यता असतात. एक तर चित्र काढणाऱ्याने तो भाग नंतर काढून टाकला, किंवा स्क्रीनशॉट घेताना कडेचा तुकडा कापला गेला. कोणती ते तारा सांगतात. एखादी तार चित्राच्या कडेला जाऊन तशीच संपत असेल, तर तुकडा कापला गेला आहे. मग पूर्ण चित्र मागवा, अंदाजाने जागा भरू नका.

आपल्या सर्किटमध्ये तेरा रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक झेनर, एक आयसी, चार एलईडी, एक बटण आणि एक दोन-स्क्रूचा कनेक्टर आहे. एकूण तेवीस क्रमांक. यादी पूर्ण झाल्यावर नगांच्या रकान्याची बेरीज तेवीसच आली पाहिजे. बावीस किंवा चोवीस आली, तर एकेक क्रमांक चित्रावर पेन्सिलने खोडत पुन्हा जायचं.

यानंतर किमती. स्क्रीनशॉटची खरी अडचण इथे येते. मूळ चित्र स्वच्छ असतं, पण ते मेसेजमधून पाठवलं की फोन त्याला दाबतो, आणि सगळ्यात आधी जातो तो दशांश टिंब. आपल्या चित्रात R7 जवळ 1.5k लिहिलं आहे. टिंब पुसट झालं की ते 15k वाचलं जातं. म्हणूनच अनेक चित्रांत 1k5 असं लिहितात : टिंबाच्या जागी k बसवला की हरवायला काही उरतच नाही. पण समोरच्या चित्रात टिंब वापरलेलं असेल, तर काय करायचं?

एक उपाय असा की ती किंमत बाजारात मिळते का ते बघायचं. रेझिस्टर ठरावीक आकड्यांतच बनतात. कुठे 5.7k दिसलं, तर संशय घ्या. तो आकडा नेहमीच्या मालिकेत नाही, बहुधा ते 4.7k किंवा 5.6k असणार. पण आपल्या बाबतीत ही चाळणी उपयोगी नाही, कारण 1.5k ही मिळतो आणि 15k ही.

दुसरा उपाय डोळ्यांचा. चित्र मोठं करून 1 आणि 5 मधली जागा बघा आणि त्याच चित्रातल्या 27k मधल्या 2 आणि 7 शी ताडून पाहा. टिंब पुसलं गेलं, तरी त्याने अडवलेली जागा बऱ्याचदा राहते.

तिसरा उपाय गणिताचा, आणि सगळ्यात भरवशाचा. R7 खरोखर 1.5k असेल, तर माळेची बेरीज ३८.३ किलोओहम होते. चार जोडांवरच्या व्होल्टेजची तिप्पट केली की बॅटरीच्या पायऱ्या मिळतात : साधारण ११.४, ११.८, १२.२ आणि १२.६ व्होल्ट. तुमच्या घरची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून काही तास नुसती ठेवली, तर तिचं व्होल्टेज १२.६ ते १२.७ असतं. म्हणजे चारही एलईडी पेटण्याची जागा बरोबर बसते.

आता R7 ला 15k धरा. बेरीज ५१.८ किलोओहम होते आणि पायऱ्या येतात १२.४, १२.७, १३.० आणि १३.३. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एक एलईडी पेटेल, फार तर दोन. वरचे दोन चार्जर चालू असतानाच पेटतील. सर्किट बिघडलेलं दिसणार नाही, बटण दाबलं की ते उत्तर देईल. ते उत्तर एवढंच असेल की तुमची चांगली बॅटरी संपत आली आहे, आणि ते मानून एखाद्या घरात नवी बॅटरी आणली जाईल. एका पुसट टिंबाची ही किंमत आहे.

पुढचा मुद्दा : किंमत एकच, पण वस्तू एकच नाही. आपल्या सर्किटमध्ये 1k चे आठ रेझिस्टर आहेत. R1 झेनरला प्रवाह देतो, R10 ते R13 एलईडींना, आणि R3, R4, R5 माळेत आहेत. आठही एका ओळीत लिहावेसे वाटतात. पण R1 आणि एलईडींचे रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असले, तरी बिघडत नाही, एलईडी किंचित कमी-जास्त उजळ दिसेल इतकंच. माळेतले तीन मात्र पायऱ्या ठरवतात, त्यांना एक टक्क्याचे घ्या. म्हणून यादीत 1k च्या दोन ओळी : पाच नग पाच टक्क्यांचे, तीन नग एक टक्क्याचे.

पण रेझिस्टर एक टक्क्याचे घेऊन झेनर कोणताही उचलला, तर खर्च वाया. सगळ्या पायऱ्या झेनरच्या व्होल्टेजला बांधलेल्या आहेत. नेहमी मिळणारा झेनर पाच टक्क्यांचा असतो. म्हणजे १२.६ ची पायरी प्रत्यक्षात १२ पासून १३.२ पर्यंत कुठेही येऊ शकते. दोन पायऱ्यांमधलं अंतर आहे ०.४ व्होल्ट आणि चूक त्याहून मोठी. दोन टक्क्यांचा झेनर घेतला, तर ही चूक पाव व्होल्टपर्यंत येते. चित्रात मात्र फक्त 5V1 लिहिलं आहे, टक्के कुठेच नाहीत.

इथेच यादीची मुख्य शिस्त येते. प्रत्येक ओळीत दोन प्रकारची माहिती असते : चित्रात दिसलेली आणि यादी करणाऱ्याने ठरवलेली. त्यांचे रकाने वेगळे ठेवा.

```
Ref,Qty,Seen,Chosen
R1 R10-R13,5,1k,5% 0.25W
R3-R5,3,1k,1% 0.25W
R2,1,6.8k,1% 0.25W
R6,1,27k,1% 0.25W
R7,1,1.5k,1% 0.25W
R8,1,20k,1% 0.25W
R9,1,10k,1% 0.25W
C1,1,10u,25V electrolytic
C2,1,0.1,100nF 50V ceramic
ZD1,1,5V1,2% 0.5W
U1,1,LM324,DIP-14
LED1,1,RED,5mm
LED2,1,YELLOW,5mm
LED3 LED4,2,GREEN,5mm
S1,1,PUSH,2-pin momentary
J1,1,BATT 12V,2-way screw terminal
-,1,-,DIP-14 socket
```

C2 ची ओळ बघा. चित्रात नुसतं 0.1 आहे. एकक लिहिलेलं नाही, पण आयसीच्या पुरवठ्याजवळचा हा छोटा कपॅसिटर म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, तेच १०० नॅनोफॅरड, आणि दुकानातल्या वस्तूवर ते 104 असं छापलेलं असतं. C1 ला २५ व्होल्ट का? चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. १६ व्होल्टच्या कपॅसिटरला मग फार थोडी जागा उरते.

शेवटची ओळ आयसीच्या सॉकेटची. तिला क्रमांक नाही, ती चित्रात नाही, म्हणून तेवीसच्या बेरजेत ती धरायची नाही. पण सामानात ती लागते.

याला एक मर्यादाही आहे. बॅटरीचं व्होल्टेज बदललं की झेनरमधला प्रवाह बदलतो आणि त्याचं व्होल्टेजही थोडं हलतं. ते यादीने सुधारत नाही, त्यासाठी सर्किटच बदलावं लागेल. यादी करणाऱ्याचं काम चित्र बदलण्याचं नाही. चित्र काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं, हे दुसऱ्याला स्वच्छ दिसेल असं लिहिणं हे त्याचं काम. उद्या कुणाला दोन टक्क्यांचा झेनर मिळाला नाही, तर Chosen रकाना बघून त्याला कळेल की हा आकडा बदलला तर चालेल, पण मोबदल्यात अचूकता कमी होईल. आणि Seen रकान्यातला 1.5k मात्र त्याने कुणालाही विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

घरी जाऊन एखादा स्क्रीनशॉट उघडा आणि आधी क्रमांक लिहून काढा, किमती नंतर. भेटू पुढच्या भागात.