तुटक वाक्यांची जोडणी



आपल्या घरांतली सहावी-सातवीतली मुले शाळेत दुसऱ्या माध्यमातून शिकतात आणि मराठी घरी बोलतात. बोलताना त्यांचे काही अडत नाही. निबंध मात्र असा उतरतो : ‘मलप्रभा नदी आहे. ती कणकुंबीत उगम पावते. कणकुंबी सह्याद्रीत आहे. ती पूर्वेकडे वाहते. ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते.’ यात चूक एकही नाही, पण पाचही वाक्ये सुटी पडली आहेत. ती जोडण्याचा सराव कसा द्यावा, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्या व्याकरणात याला वाक्यसंकलन म्हणतात. केवल, मिश्र, संयुक्त या व्याख्या मात्र मुले पाठ करतात आणि विसरतात. अमेरिकेत जॉन मेलन यांनी 1969 साली सातवीच्या मुलांसाठी असा सराव प्रसिद्ध केला. त्यात व्याकरणाच्या संज्ञा होत्या. फ्रँक ओहेअर यांनी 1973 मध्ये त्या काढून टाकल्या आणि कोणता शब्द वापरायचा याची खूण वाक्यापुढे कंसात दिली. त्यांच्या वर्गातली मुले व्याकरणाचे पाठ न घेताही अधिक भरीव वाक्ये लिहू लागली. आपणही हीच वाट धरावी.

वरचीच पाच वाक्ये घ्या. दुसऱ्यापुढे ‘–णारी’ लिहा, तिसऱ्यापुढे ‘–तल्या’, चौथ्यापुढे ‘–ऊन’. मुलाने आधी तोंडाने जोडावे, मग लिहावे : ‘सह्याद्रीतल्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा नदी पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते.’ पाचांचे एक झाले आणि माहिती एकही गळली नाही. ती गळली का, हे मूळ वाक्यांवर एकेक खूण करून मुलानेच तपासायचे. पहिले काही दिवस दोनच वाक्ये द्यावीत, मग तीन ते पाच, आणि हात बसल्यावर कंसातल्या खुणा काढून घ्याव्यात. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे पुरतात.

बिघडते कुठे, तेही पाहू. पहिला अपघात ‘–ऊन’चा. ‘बस सुटली. आजोबा घरी परतले.’ मूल लिहिते, ‘बस सुटून आजोबा घरी परतले.’ कानाला खटकते, पण का ते त्याला सांगता येत नाही. त्याला विचारा : सुटले कोण? परतले कोण? कर्ते दोन असतील तर ‘–ऊन’ सहसा चालत नाही. ‘बस सुटल्यामुळे’ किंवा ‘बस सुटल्यावर’ म्हणावे लागते. ‘पाय घसरून तो पडला’ मात्र बरोबर आहे, कारण पाय त्याचाच आहे. असे अपवाद नियम सांगून नव्हे, तर उदाहरणे मोठ्याने वाचून कानात बसतात.

दुसरा अपघात इंग्रजी वळणाचा : ‘मलप्रभा, जी कणकुंबीत उगम पावते, कृष्णेला मिळते.’ मराठी घरात असे कोणी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘जी नदी कणकुंबीत उगम पावते, ती कृष्णेला मिळते’, किंवा सरळ ‘कणकुंबीत उगम पावणारी’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे हे आवर्जून पाहा.

खुणा काढल्यावर सरावाचा खरा भाग सुरू होतो, कारण तिथे एकच उत्तर नसते. आम्हा होमिओपॅथांच्या गोळ्या गोड, म्हणून उदाहरण दुसऱ्याच्या काढ्याचे घेतो. ‘काढा कडू आहे. काढा गुणकारी आहे.’ एक मूल लिहील, ‘काढा कडू असला तरी गुणकारी आहे.’ दुसरे लिहील, ‘काढा गुणकारी असला तरी कडू आहे.’ माहिती तीच, पण पहिले वाक्य ऐकून रोगी पेला उचलतो, दुसरे ऐकून खाली ठेवतो. शेवटी येणाऱ्या मुख्य वाक्याला वजन असते. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहा आणि ‘तुला काय सांगायचे होते?’ एवढेच विचारा. इथे मूल व्याकरण सोडून विचार करू लागते.

या सरावाच्या मर्यादा दोन. सांगायला काही नसेल तर जोडायलाही काही नसते. हा सराव आशय देत नाही. आणि लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य, असा मुलाचा समज होऊ देऊ नये. एका श्वासात वाचता न येणारे वाक्य परत तोडायला लावा. चार जोडलेल्या वाक्यांनंतर आलेले एखादे आखूड वाक्य नेमके ठसते.

पुढच्या वेळी नातवाची वही हातात आली, तर शुद्धलेखनाच्या चुकांना लाल रेघ मारण्याआधी त्यातली लागोपाठची दोन वाक्ये निवडा आणि त्याला विचारा, ‘ही दोन एकत्र कशी सांगशील?’ त्याने दोन तऱ्हांनी सांगितले, की कोणती तऱ्हा का निवडली ते ऐकून घ्या.