रिकामी जागा कागदावर दिसत नाही

विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांतून नागपुरात जमलेल्या इंग्रजीच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत इंग्रजी रुजवली आणि जे आज आपल्यात नाहीत, त्या सर्वांना मी वंदन करतो.

अध्यक्षानं वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. नवी पाठ्यपुस्तकं, कृतिपत्रिका, प्रशिक्षणं यांचा अहवाल आपल्या हाती आहे, तो आपण वाचालच. मला मात्र एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ती बरीच वर्षं मनात साठून आहे. आपण आपल्या मुलांना 'अ', 'ॲन', 'द' आणि 'इन', 'ऑन', 'ॲट' शिकवतो ती पद्धत मुळातच चुकीच्या जागी मेहनत घेते, असं माझं ठाम मत आहे.

2000 सालापासून आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरीही त्याच्या पत्रात 'माय फादर इज फार्मर' आणि 'आय आस्क्ड टू हिम' ही वाक्यं असतातच. शिक्षक-खोलीत याची दोन कारणं ऐकू येतात. एक, मुलं निष्काळजी आहेत. दोन, त्यांना नियम पाठ नाहीत. दोन्ही कारणं मला मान्य नाहीत.

काटोलकडच्या एका शाळेत मी सराव परीक्षेनंतर एका मुलीची उत्तरपत्रिका पाहिली. आर्टिकलच्या रिकाम्या जागा तिनं सगळ्या बरोबर भरल्या होत्या. त्याच उत्तरपत्रिकेतल्या पत्रात आर्टिकल जवळजवळ नव्हतंच. मी तिला विचारलं, "इथं का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, इथं रिकामी जागा कुठे आहे?" हे उत्तर मी विसरलेलो नाही. गाळलेली जागा मुलाला दोन गोष्टी आयत्या देते. इथं काहीतरी हवं, हे सांगते आणि ते तीनपैकी एक आहे, हेही सांगते. स्वतः लिहिताना यातलं काहीच मिळत नाही. कुठे थांबायचं, हेच मुलाला कळत नाही. आणि आपण त्याला थांबायला कधी शिकवलेलंच नाही.

ते का थांबत नाही? मराठीत आर्टिकल नाही म्हणून, असं आपण सांगतो आणि विषय मिटवतो. पण ज्ञात काय आणि अज्ञात काय, हा भेद मराठीत पक्का आहे. 'घरात साप शिरला' म्हटलं की तो कुठला तरी साप असतो, आत्ताच कळलेला. 'साप घरात शिरला' म्हटलं की मघापासून ज्याच्यामागे आपण काठी घेऊन फिरतोय, तो साप. पहिल्या वाक्यात इंग्रज 'अ स्नेक' म्हणेल, दुसऱ्यात 'द स्नेक'. हा फरक आपलं पाच वर्षांचं मूल चुकत नाही. आपण तो शब्दांच्या क्रमानं, 'एक'नं किंवा 'तो', 'ती', 'ते' लावून दाखवतो. इंग्रजी तो नामाच्या दाराशीच दाखवते. मुलाकडे जाण आहे. तिची नवी जागा त्याला दाखवून द्यायची आहे.

इथं आपला जुना वाद येतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावी की नाही? कालच्या परिसंवादात दोन्ही बाजूंनी आवेशानं बोललं गेलं. माझा अनुभव सांगतो. 'डेफिनेट' आणि 'इनडेफिनेट' या शब्दांवर तासाचे तास घालवलेले वर्ग मी पाहिले आहेत. पोरं माना डोलवायची आणि वहीत तेच चुकवायची. त्याच पोरांना सापाची दोन वाक्यं मराठीत सांगून फरक विचारला, की मागच्या बाकावरचा मुलगाही हात वर करायचा. माझ्यापुरता हा वाद तिथेच संपला. निदान या एका धड्याला मराठी लागतेच.

आता सराव कसा घ्यायचा ते सांगतो. गाईडातला उतारा घेऊ नका. मुलानं स्वतः लिहिलेलं अर्धं पान घ्या. वर्गातलंच एक उदाहरण सांगतो: 'यस्टरडे गेस्ट केम इन अवर स्कूल. ही वॉज डॉक्टर. ही गेव्ह टू अस प्लांट. वुई प्लान्टेड प्लांट नियर वेल.' मुलाला आधी प्रत्येक नामाखाली रेघ मारायला लावा. थांबायची सवय इथून सुरू होते. मग प्रत्येक रेघेवर मराठीतून प्रश्न विचारायचे. हे विशेषनाम आहे का? 'अवर', 'माय' असा शब्द आधीच बसला आहे का? असेल तर पुढे जा. नसेल तर, हे वाचणारा 'कोणता?' असं विचारील का? विचारणार नसेल, तर 'द'. विचारील आणि वस्तू मोजता येणारी, एकच असेल, तर 'अ' किंवा 'ॲन'. उरलेल्या ठिकाणी सहसा काही नाही.

कोणते पाहुणे? वाचणाऱ्याला माहीत नाही, म्हणून 'अ गेस्ट'. पहिल्यांदा आलेलं रोप 'अ प्लांट', दुसऱ्यांदा तेच रोप आलं म्हणून 'द प्लांट'. आणि विहीर? इथं वर्गात नेहमी दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत. पत्र मुख्याध्यापकांना असेल, तर शाळेतली विहीर त्यांना ठाऊक आहे, म्हणून 'द वेल'. पत्र पुण्याच्या मित्राला असेल, तर तो विचारील, 'कोणती विहीर?' म्हणून 'अ वेल'. एकच मजकूर दोन वाचकांसाठी लिहून घेण्याइतका चांगला सराव माझ्या पाहण्यात नाही. 'द' वस्तूला चिकटलेला नसतो, वाचकाच्या माहितीवर ठरतो, हे मुलाला त्यातून कळतं.

'डॉक्टर'ला मात्र हा प्रश्न लागू पडत नाही. 'ते डॉक्टर होते' या मराठी वाक्यात 'एक' शोभत नाही, म्हणून मूल इंग्रजीतही ते गाळतं. व्यवसाय सांगणारी वाक्यं वेगळी काढून तोंडी घोटून घ्यावी लागतात: 'अ फार्मर', 'अ टीचर', 'ॲन इंजिनिअर'. नद्या आणि पर्वतरांगा यांच्या नावांआधीचा 'द', 'गो टू स्कूल' आणि 'बाय बस' यांतलं कोरं नाम, आणि मराठीत सल्ला मोजता येतो तरी इंग्रजीत 'ॲडव्हाइस' मोजत नाहीत, हेही पाठच करायला हवं. 'अ' की 'ॲन' यासाठी मात्र पाठांतर नको. शब्द देवनागरीत लिहून पाहा. 'अवर' म्हणजे तास, स्वरानं सुरू होतो, म्हणून 'ॲन'. 'एम. ए.'लाही 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' 'य'नं सुरू होते आणि 'वन' 'व'नं, म्हणून 'अ'. स्पेलिंग फसवतं, आपली लिपी फसवत नाही.

प्रेपोझिशनचं दुखणं वेगळं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं. तेव्हापासून शाळेतलं मराठी व्याकरण इंग्रजीच्या घडीत बसवलं गेलं. शब्दयोगी अव्यय म्हणजेच प्रेपोझिशन, असं समीकरण आपण फळ्यावर लिहितो आणि विभक्ती मराठीच्या तासाला सोडून देतो. खरं पाहता प्रेपोझिशनचं निम्मं काम आपले 'ला', 'ने', 'त', 'शी' हे प्रत्ययच करतात. आपलं मूल घरी 'त्याले विचार' म्हणतं, शाळेत 'त्याला विचार' म्हणतं आणि दोन्हींचं इंग्रजी 'आस्क टू हिम' करतं. प्रत्यय दिसला की त्याच्यासाठी एक इंग्रजी शब्द ठेवायचा, हा हिशेब आपणच त्याला शिकवला आहे.

म्हणून वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात मराठीत प्रत्यय किंवा अव्यय आहे, इंग्रजीत काहीच नाही, अशी क्रियापदं: आस्क, टेल, रीच, एंटर, डिस्कस, मॅरी. दुसऱ्यात मराठीत काही नाही, पण इंग्रजीत आहे: गाणं ऐक, 'लिसन टू', चित्र बघ, 'लुक ॲट'. तिसऱ्यात दोन्हीकडे आहे, पण वेगळं: कुणावर रागावणं, 'अँग्री विथ', गणितात हुशार, 'गुड ॲट'. 'दोन वर्षांपासून'ला 'फॉर' आणि '2020 पासून'ला 'सिन्स', कारण मराठीचा एकच 'पासून' काळाची लांबी आणि काळाची सुरुवात दोन्ही सांगतो. क्रियापद कधीही एकटं पाठ करू द्यायचं नाही, सोबतीसकट आणि पूर्ण वाक्यात. शिक्षकानं मराठी वाक्य म्हणायचं, मुलानं लगेच इंग्रजीत सांगायचं. रोज तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं याला पुरतात. मघाच्या उताऱ्यात 'केम टू' आणि 'गेव्ह अस' हे दोन बदल या वहीतूनच येतात.

परीक्षेत शेवटची दहा मिनिटं पेपर मागून पुढे वाचायचा: शेवटचं वाक्य आधी. ओघानं वाचलं की डोळा चूक ओलांडून जातो. प्रत्येक नामावर पेन्सिल टेकवायची आणि 'कोणता?' विचारायचं. या सरावानं सगळं सुटतं, असं मी म्हणत नाही. 'इन द बस' की 'ऑन द बस' हे भरपूर वाचल्याशिवाय अंगी येत नाही. पण पत्रातल्या ढोबळ चुका यानं कमी होतात.

जाता जाता कामाचं सुचवतो. प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकांनी मुलांच्या वाक्यांचा एक संग्रह करावा, पुढच्या अधिवेशनापर्यंत तो एकत्र यावा. छपाई आणि खर्चाचं कार्यकारिणी पाहील.

सरावाच्या पुस्तकांतल्या गाळलेल्या जागांवर एक पिढी घासली गेली. मुलं निष्काळजी आहेत, हे वाक्य यापुढे या व्यासपीठावरून ऐकायची माझी तयारी नाही. परत गेल्यावर पहिल्याच तासाला मुलांना अर्धं पान लिहायला सांगा आणि नामाखाली रेघा मारून घ्या. एवढं करा, ही विनंती.