झोपलेल्या खात्यातला पैसा बुडतो का?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या चुकाऱ्यासाठी कधीकाळी उघडलेले खाते आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. पासबुक ट्रंकेत आणि पैसे बँकेत. "आता ते गेले" असे लोक म्हणतात. ते गेलेले नाहीत.

नियम असा आहे. दोन वर्षे तुम्ही स्वतः खात्यात काही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. बँकेने व्याज जमा केले किंवा शुल्क कापले, तर तो तुमचा व्यवहार धरला जात नाही. शेवटच्या व्यवहारापासून दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ साली झाला. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाही. तिथला हिशोब तिथेच मागावा लागतो.

एक हिशोब करून पाहू. एका शेतकऱ्याने मार्च २०१५ मध्ये शेवटचे पैसे काढले आणि खात्यात व्याजासह ६,००० रुपये साचले. मार्च २०१७ ला खाते निष्क्रिय झाले. मार्च २०२५ ला दहा वर्षे भरली आणि एप्रिलअखेर रक्कम निधीत गेली. पण हक्क त्याचाच राहिला, आणि त्याला मुदत नाही. बचत ठेवीवर निधीत सध्या साधे तीन टक्के व्याज आहे, म्हणजे वर्षाला १८० रुपये. त्याने मागायचे ते आपल्याच बँकेकडे. बँक आधी त्याला देते आणि मग निधीतून वसूल करते.

रक्कम अजून बँकेतच असेल तर काम सोपे आहे. आधार, पॅन आणि फोटो घेऊन त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत जा आणि केवायसी द्या. अर्ज पूर्ण असला तर तीन कामाच्या दिवसांत खाते सुरू झाले पाहिजे. त्यासाठी शुल्क नाही. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. कापला असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

खातेदार वारला असेल तर वारसदार म्हणून नोंदलेल्या माणसाने मृत्यूचा दाखला घेऊन जावे. खाते कुठे होते हेच आठवत नसेल, तर udgam.rbi.org.in वर नाव टाकून पाहता येते. तिथे सगळ्या बँका नाहीत, म्हणून जिल्हा बँकेत शाखेतच विचारा.

मोबाईलच्या पाकिटाची गोष्ट वेगळी. त्याची मुदत संपू शकते. तरी शिल्लक परत मागता येते, ती बँक खात्यात मिळते. दुकानाने दिलेल्या भेट कूपनला मात्र हे संरक्षण नाही. त्यावर छापलेली तारीख हाच त्याचा कायदा. ते आधी वापरा.

घरी गेल्यावर ट्रंक उघडा, पासबुकातली शेवटची तारीख बघा आणि त्यापुढे दोन आणि दहा वर्षे मोजा.