वेबसाइट बनवण्याआधी एक वाक्य लिहा

आज कोडिंगबद्दल फार कमी बोलणार आहे. कोडिंगच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल बोलायचंय. हा अर्धा तास मी वाचवला होता आणि त्याची किंमत माझ्या मामांनी मोजली.

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझ्या मामांचं घर तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाजवळ आहे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि हळूहळू पर्यटकांची ये-जा वाढली. मामांनी कर्ज काढून घरामागे दोन खोल्या बांधल्या. पर्यटकांना राहायला खोली आणि मामींच्या हातचं जेवण, असा साधा बेत. मला म्हणाले, "बाबू, तू कम्प्युटरवाला आहेस, एक वेबसाइट बनवून दे."

मी दोन रविवार बसून साइट बनवली. वर सरकणारे मोठे फोटो, मग 'आमच्याबद्दल', 'नागझिऱ्याचा इतिहास', 'प्राणी व पक्षी', गॅलरी आणि शेवटी संपर्काचा फॉर्म. दिसायला झकास होती. तीन महिन्यांनी मी आकडे पाहिले, तर महिन्याला सहाशेच्या आसपास लोक येत होते. मी खूश! मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "दिसते तं मस्त रे, पन फोन काहून येत नाही?"

मग मी नीट शोधलं. बहुतेक लोक थेट इतिहासाच्या पानावर येत होते. गूगलवर 'नागझिरा माहिती', 'नागझिरा अभयारण्य प्रकल्प' असं शोधून. म्हणजे शाळा-कॉलेजची मुलं, जी प्रोजेक्टसाठी दोन परिच्छेद उचलून निघून जायची. काही जण व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' हे पुस्तक शोधता शोधता आले होते. यातल्या कुणालाच खोली नको होती.

आणि ज्यांना हवी होती त्यांचं काय? फॉर्म भरला की मेल मामांच्या जीमेलवर जायचा. तो अकाउंट मीच काढून दिला होता आणि मामांनी तो कधी उघडलाच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा उघडून पाहिला. अकरा मेल पडून होते. एका कुटुंबाने शनिवार-रविवारसाठी दोन्ही खोल्या मागितल्या होत्या. दोन दिवसांनी पुन्हा मेल केला होता, की उत्तर नाही म्हणून दुसरीकडे बुक करतोय. मामा काही बोलले नाहीत. मामी फक्त म्हणाल्या, "त्या शनिवारी खोल्या रिकाम्याच होत्या ना."

पावसाळ्यात सफारी बंद असते. त्यामुळे हप्ता भरायचा तो बाकीच्या महिन्यांच्या कमाईतून. तिथे एक शनिवार-रविवार जाणं म्हणजे काय, ते तेव्हा मला कळलं.

आता चूक कुठे झाली ते बघू. फॉर्मची चूक उघड आहे, पण ती दुसरी. पहिली चूक ही, की साइट कशासाठी, कुणासाठी, आणि त्या माणसाने तिथे येऊन नेमकं काय करायचं, हे तीन प्रश्न मी विचारलेच नाहीत. इतर हॉटेलांच्या साइटवर जे दिसलं ते सगळं आणून ठेवलं.

त्या रात्री आम्ही तिघं अंगणात बसलो. मी विचारलं, "साइट कशासाठी पाहिजे?" मामा म्हणाले, "नाव व्हायला पाहिजे." मामी म्हणाल्या, "माझे पापड-लोणचेही टाक त्यात, विकले जातील." मला स्वतःला नागझिऱ्याची माहिती मराठीत आणायची होती. तीन माणसं, तीन हेतू! मग मी प्रश्न बदलला: "सहा महिन्यांनी कोणता आकडा पाहून तुम्ही म्हणाल की साइट कामाची आहे?" मामा लगेच म्हणाले, "किती रात्री खोल्या भरल्या." झालं. हेतू ठरला. हेतू असा पाहिजे की तो मोजता येईल. 'नाव व्हावं' हे मोजता येत नाही, भरलेल्या रात्री मोजता येतात.

पापड-लोणच्याचं काय? ते साइटवरून काढलं आणि जेवणाच्या ओट्यावर मांडलं. राहायला आलेला माणूस जाताना घेऊनच जातो. एकाच साइटवर खोली आणि लोणचं दोन्ही विकायला ठेवलं, तर पाहणाऱ्याला हे दुकान आहे की मुक्काम, तेच कळत नाही.

दुसरा प्रश्न, मुख्य पाहुणा कोण? इथे बहुतेक जण 'सगळे पर्यटक' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. जुनी वही काढा. मामांकडे नोंदवही होती आणि फोनमध्ये कॉल. मागच्या सीझनला आलेल्यांची यादी केली. थोडे पक्ष्यांचे फोटो काढणारे होते, जे थंडीत सारस पाहायला जिल्ह्यात येतात. थोडे लग्नाला आलेले पाहुणे. पण निम्म्याहून जास्त एकाच प्रकारचे: नागपूरकडून गाडीने येणारं कुटुंब, ज्यांनी सकाळच्या सफारीचं परमिट आधीच ऑनलाइन काढलंय, आणि ज्यांना आदल्या रात्री गेटजवळ झोपायचंय.

'परमिट आधीच काढलंय' या तीन शब्दांनी सगळी साइट बदलली. त्या माणसाला जंगलाचा इतिहास नको, वाघाचे फोटो नकोत. जंगलात यायचं त्याचं ठरलेलंच आहे. त्याचा पहिला प्रश्न असतो, "माझ्या गेटपासून तुम्ही किती लांब?" कारण परमिट विशिष्ट गेटचं असतं. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी अशी वेगवेगळी गेटं आहेत. पिटेझरी साकोलीच्या बाजूला, चोरखमारा तिरोड्याच्या बाजूला. नकाशावर जवळ वाटतात, पण मध्ये जंगल आहे, रस्त्याने मोठा वळसा पडतो. चुकीच्या बाजूला खोली घेतली तर पहाटेची सफारी हुकू शकते. माझ्या जुन्या साइटवर गेटचं नावच नव्हतं!

तिसरा प्रश्न, एक कृती. पाहुण्याने फॉर्म भरावा, फोन करावा, मेल करावा, फेसबुकवर फॉलो करावं, असं सगळं मी ठेवलं होतं. आता एकच ठेवायचं. फोन का नाही? मामा दिवसा शेतात असतात, रेंज कधी असते कधी नसते. व्हॉट्सॲपचा मेसेज रेंज आली की पोचतो आणि मामा ते रोज पाहतात. म्हणजे कृती ठरवताना पाहुण्याची सोय तर बघायचीच, पण समोर उत्तर देणारा माणूस कुठे असतो, तेही बघायचं.

मग आम्ही एक वाक्य लिहिलं: "ही साइट खोल्या भरण्यासाठी आहे, चोरखमारा गेटचं परमिट काढलेल्या कुटुंबाने इथे येऊन मामांना तारखेसह व्हॉट्सॲप करावं." हे कागदावर आल्यावरच लॅपटॉप उघडला.

नवी साइट एकाच पानाची. वर ठळक अक्षरात, चोरखमारा गेटपासून गाडीने वीस मिनिटं. खाली खोलीचे दोन खरे फोटो, एका रात्रीचं भाडं, जेवणात काय, पहाटे निघताना चहा मिळतो का, गाडी कुठे लावायची. आणि एक हिरवं बटण. बटणामागची लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Website%20-%20Tarikh:%20Gate:%20Lok:
```

X च्या जागी आपला नंबर, अधिकचं चिन्ह न लावता. `%20` म्हणजे मोकळी जागा. बटण दाबलं की मेसेज अर्धा लिहूनच उघडतो, पाहुण्याने तारीख, गेट आणि किती जण एवढं भरायचं. दोन फायदे झाले. मामांना उलट प्रश्न विचारावे लागत नाहीत. आणि मेसेज 'Website' ने सुरू झाला की तो साइटवरून आलाय हे कळतं. मामा वहीत त्याच्यापुढे टिक करतात. आमचं ॲनालिटिक्स ते तेवढंच.

तपासायचं कसं? मी शेजारच्या एका मुलाला फोनवर पान दाखवलं, पाच सेकंदांनी फोन काढून घेतला आणि विचारलं, "हे काय होतं? आता काय करायचं?" पहिल्यांदा तो म्हणाला, "जंगलाची साइट आहे." म्हणजे वरचा वाघाचा फोटो अजून गोंधळ घालत होता. तो काढला, खोलीचा लावला. पुढच्या मुलीने सांगितलं, "राहायची खोली आहे, व्हॉट्सॲप करायचं." तेव्हा थांबलो.

आता साइटवर महिन्याला शंभर लोकही येत नाहीत. सहाशेचे शंभर झाले, तरी पहिल्याच महिन्यात साइटवरून नऊ मेसेज आले आणि त्यातले चार मुक्कामाला आले. पिटेझरीचं परमिट असलेल्या एकाला मामांनीच सांगितलं, की भाऊ, तुम्ही साकोलीकडे खोली बघा. त्याने नंतर चोरखमाऱ्याचं परमिट काढून फोन केला.

जगातली पहिली वेबसाइट १९९० सालच्या अखेरीस सर्न या संशोधन संस्थेत सुरू झाली, `info.cern.ch`. टिम बर्नर्स-लींच्या डोक्यात माहितीचं मोठं जाळं होतं. पण सर्नमधल्या अनेकांनी वेब वापरायला सुरुवात केली ती एका साध्या कामासाठी: संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी. नंबर शोधायला मोठ्या कम्प्युटरवर लॉगिन करण्यापेक्षा हे सोपं होतं. पाहुणा ठरलेला, सर्नचा कर्मचारी. कृती एकच, नंबर शोधणे.

एक मर्यादाही सांगतो. कॉलेज किंवा ग्रामपंचायतीच्या साइटला एका कृतीत बसवता येत नाही, तिथे खरोखरच वेगवेगळे लोक वेगवेगळ्या कामाला येतात. अशा वेळी प्रत्येक पानासाठी वेगळं वाक्य लिहा. आणि लिहिलेलं वाक्य कायमचं नसतं. या थंडीत सारसवाल्यांचे मेसेज वाढले, तर त्यांच्यासाठी दुसरं पान करायचं, असं मामा आणि मी ठरवलंय. पहिल्या पानात कोंबायचं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी साइट मागत असेल, तर आधी त्यांची वही मागा, मग लॅपटॉप उघडा. भेटू पुढच्या एपिसोडला.