तुमचा जुना नंबर आता कोणाकडे आहे?

आजचा किस्सा माझाच आहे. कान्हे स्टेशनजवळच्या दुकानातून मी दुसरं सिम घेतलं. घरी येऊन त्यावर यूपीआय ॲप सुरू केलं आणि माझी बँक निवडली. या बँकेत मी नवा नंबर दिलाच नव्हता, त्यामुळे 'खातं सापडलं नाही' असं येईल असं वाटलं होतं. पण स्क्रीनवर चक्क एक खातं आलं. शेवटचे चार आकडे मात्र माझ्या खात्याचे नव्हते.

हॅकिंग वगैरे काही नाही हो. ॲप तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, आणि बँक त्या दहा आकड्यांशी जोडलेली खाती दाखवते. सिम कोणाच्या हातात आहे हे बँकेला कळत नाही. नंबर आधी दुसऱ्या कोणाचा तरी होता आणि त्याने बँकेत तो बदललाच नव्हता.

पैसे काढता आले असते का? लगेच नाही. नवा पिन लावायला ओटीपीसोबत डेबिट कार्डचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. किंवा आधारवरून करायचं तर आधारचे पहिले सहा आकडे. पण आधारच्या झेरॉक्स आपण कुठे कुठे देतो ते आठवा. मी ॲप बंद केलं.

नंबर असा फिरतो कसा? ट्रायच्या नियमाप्रमाणे सलग 90 दिवस काहीच वापर नसेल आणि बॅलन्स 20 रुपयांपेक्षा कमी असेल, तर सिम बंद होऊ शकतं. त्यानंतर किमान 90 दिवस तो नंबर नव्या ग्राहकाला देत नाहीत. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात हा विषय गेला, तेव्हा ट्रायने हेच सांगितलं. कोर्ट म्हणालं, आपली प्रायव्हसी जपायची काळजी जुन्या ग्राहकानेच घ्यायची. म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांत तुमचे ओटीपी माझ्यासारख्याच्या फोनवर!

बंद झालेल्या नंबरांची यादी असते आणि बँकांनी ती तपासायची असते. पण नंबर पुन्हा विकला गेला की तो 'चालू'च दिसतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. जुनं सिम चालू असतानाच ईमेल, व्हॉट्सॲप आणि बाकी ॲप्समधला नंबर बदला, कारण बहुतेक ठिकाणी बदलायलाही जुन्याच नंबरवर ओटीपी येतो. सिम गेलंच असेल तर बँकेच्या शाखेत जावं लागतं. आधारचं मात्र वेगळं आहे: तिथे जुना ओटीपी लागत नाही, आधार केंद्रावर जाऊन बोटाचा ठसा द्यायचा. सगळ्यात आधी तेच करा.

मी त्या बँकेच्या शाखेत गेलो. साहेब म्हणाले, "तुम्हाला ग्राहकाचं नाव सांगता येणार नाही." बरोबरच आहे म्हणा! माझा अर्ज त्यांनी ठेवून घेतला. बँकेचे मेसेज थांबले. गेल्या आठवड्यात लोकलमध्ये बसलो होतो, तर त्याच नंबरवर आधारचा ओटीपी आला. कुठल्यातरी काउंटरवर कोणीतरी फोनकडे बघत थांबलं असणार, आणि तो कोण हे मला अजूनही माहीत नाही.