झेंडावंदनाच्या भाषणाची पहिली चार वाक्यं



तुमच्यापैकी अनेकजण वारजे-माळवाडीत भाड्याने राहता. पंधरा ऑगस्टला सोसायटीचे सचिव म्हणतात, "बेटा, यंदा तू दोन शब्द बोल." तेव्हा पहिला प्रश्न पडतो, सुरुवात कशी करायची?

तुमची पाळी येते तेव्हा झेंडा फडकलेला असतो, राष्ट्रगीत झालेलं असतं आणि माणसं पार्किंगमध्ये उभीच असतात. म्हणून संबोधन अर्ध्या मिनिटात संपवा. आधी अध्यक्ष, मग ज्यांच्या हस्ते ध्वजारोहण झालं ते, मग सगळे. समितीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊ नका. नावं घ्यायला लागलात की एक राहतंच, आणि ज्याचं राहतं तो पुढचं भाषण ऐकत नाही.

आता 'सगळे' म्हणजे कोण? बहुतेक वक्ते सवयीने म्हणतात, "सोसायटीचे सर्व सभासद." सहकारी सोसायटीत सभासदत्व फ्लॅटच्या मालकीशी जोडलेलं असतं. भाडेकरू त्यात येत नाही, वॉचमन येत नाही, जिना झाडणाऱ्या मावशी येत नाहीत. म्हणजे बोलणारा भाडेकरू असेल, तर तो स्वतःलाच वगळतो. त्याऐवजी 'रहिवासी' म्हणा आणि काम करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख करा. संविधान भारताच्या लोकांच्या नावाने लिहिलं गेलं, घरमालकांच्या नावाने नाही.

सलाम करावा की नमस्कार, हेही काहीजण विचारतात. 'अस्सलामु अलैकुम'ला उत्तर द्यायचं असतं. ते ज्याला येत नाही तो गप्प राहतो आणि सुरुवातीलाच सभेचे दोन भाग पडतात. 'नमस्कार'ला सगळेच उत्तर देतात. सलाम करण्यात चूक काहीच नाही. तो खाली उतरल्यावर गळाभेटीत करा.

आकडा मात्र तपासून घ्या. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरला, तर २०२५ चा एकोणऐंशीवा होतो. पण वर्धापनदिन अठ्ठ्याहत्तरावा. दोन्ही बरोबर आहेत, सरमिसळ चुकीची. खात्री नसेल तर नुसतं 'स्वातंत्र्यदिन' म्हणा.

आता सगळं जोडून पाहू. समजा, ध्वजारोहण सोसायटीतल्या सर्वात वयस्कर आजींनी केलंय:

"नमस्कार. सोसायटीचे अध्यक्ष, आणि ज्यांच्या हस्ते आज झेंडा फडकला त्या आपल्या सगळ्यांच्या आजी. इथले सर्व रहिवासी, रात्रभर गेटवर जागणारे काका, रोज पहाटे आवार झाडणाऱ्या मावशी आणि बालमित्रांनो. सगळ्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा."

एवढंच. हे म्हणताना गेटकडे आणि झाडणाऱ्या मावशींकडे बघा. त्या जिन्यापाशी मागे उभ्या असतील, तर पुढे यायला सांगा आणि त्या येईपर्यंत थांबा. त्या पुढे आल्या की मग पाचवं वाक्य बोला.